तीन रकाने, एकच साक्षीदार

परवा रात्री जेवणं आटोपून मोबाईल बघतो तर चिखलीच्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एका मागोमाग एक पाच स्क्रीनशॉट टाकलेले. प्रत्येकात कंपन्यांचा तक्ता. डावीकडे नावं, मग पी/ई, मग कर्ज, मग नफ्याची वाढ. आवडलेल्या ओळींवर त्याने पिवळा रंग मारलेला आणि खाली मजकूर: "मामा, दोन हजार कंपन्यांतून सात उरल्या. पी/ई कमी, कर्ज नाही, ग्रोथ जबरदस्त. आता फक्त घ्यायच्या बाकी आहेत."

एरवी मी अंगठा दाखवून झोपलो असतो. पण पैसे ताईचे आहेत. ताई मागच्या जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाली आणि हाती आलेल्या रकमेतले दोन लाख तिने पोराला "शिकून घे" म्हणून दिलेत. शिवाय त्या पोस्टखाली आपल्याच मंडळींनी "वा!", "मलाही यादी पाठव", "नवशिक्याने अस्संच करावं" वगैरे लिहिलेलं वाचलं आणि झोप उडाली. ग्रुपवर वाद घालायला मला जमत नाही, तिथे कोणी तरी लगेच गुलाबाचं फूल टाकतं आणि विषय संपतो. म्हणून इथे लिहितोय. (मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार वगैरे नाही. एकदा हात पोळलेला मामा आहे, एवढंच.)

माझं म्हणणं सरळ आहे. पी/ई, कर्ज आणि वाढ हे तीन रकाने शेजारी ठेवून कंपन्या निवडणं ही नवशिक्यासाठी सुरक्षित पद्धत आहे असं जे सगळीकडे सांगितलं जातं, ते चूक आहे. ही पद्धत नवशिक्याला नेमक्या चुकीच्या कंपनीकडे, नेमक्या चुकीच्या वेळी घेऊन जाते. आणि ते का होतं हे कळायला कॉमर्स शिकावं लागत नाही.

भाच्याने स्क्रीनर नावाच्या साइटवर जी अट टाकली होती, ती त्याच्याकडून मागून घेतली. ती अशी:

```
Price to earning < 15 AND
Debt to equity < 0.3 AND
Profit growth 5Years > 20
```

दिसायला किती शहाणपणाची! स्वस्त पाहिजे, कर्जात बुडालेली नको, वाढणारी पाहिजे. तीन वेगवेगळ्या कसोट्या आणि तिन्हीत पास झालेलं पोरगं. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की या तीन कसोट्या वेगवेगळ्या नाहीतच.

पी/ई म्हणजे काय? कंपनीची बाजारातली एकूण किंमत भागिले तिचा वर्षाचा नफा. एखाद्या वर्षी नफा अचानक फुगला आणि भाव त्या मानाने वाढला नाही, तर पी/ई खाली येतो. पाच वर्षांची वाढ म्हणजे या वर्षीचा नफा आणि पाच वर्षांपूर्वीचा नफा यांची तुलना. या वर्षीचा नफा फुगला की वाढही फुगते. आता कर्ज. हा रकाना तरी स्वतंत्र असेल ना? तोही नाही. `Debt to equity` म्हणजे कर्ज भागिले मालकांचं भांडवल. नफ्याचं वर्ष आलं की हातात रोकड येते, कंपनी कर्ज फेडते, वरचा आकडा लहान होतो. उरलेला नफा भांडवलात जमा होतो, खालचा आकडा मोठा होतो. म्हणजे हा भागाकार दोन्ही बाजूंनी सुंदर दिसायला लागतो.

थोडक्यात, एक झकास वर्ष आलं की तिन्ही रकाने एकाच वेळी उजळतात. आपल्याला वाटतं तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत. प्रत्यक्षात साक्षीदार एकच आहे, तो तीन वेगवेगळे सदरे घालून तीनदा आलाय.

हे मी भावजींना फोनवर सांगत होतो. भावजींना शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नाही असं ते स्वतःच सांगतात. पण वावर आहे, सोयाबीन पेरतात. ते मला म्हणाले, "ते एकवीस सालचं सोयाबीन आठवते का?"

न आठवायला काय झालं! २०२१ च्या ऑगस्टमध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. त्या वर्षीचा हमीभाव होता ३,९५०. नवीन माल बाजारात आला आणि ऑक्टोबरमध्ये भाव पाच हजारांच्या आसपास उतरले. भावजी म्हणाले, "आता त्या ऑगस्टात कोणी आलं असतं आणि म्हटलं असतं, दहा हजार भावाने वर्षाला एवढं उत्पन्न होते, आठ वर्षांत वावराचे पैसे वसूल, घ्या स्वस्त आहे... तर तू घेतलं असतं काय? वावराची किंमत त्या एका सालच्या भावावर काहून ठरवायची बाप्पा?"

झालं. माझा अर्धा लेख भावजींनीच लिहून दिला. आपल्या जिल्ह्यातला कोणताही शेतकरी जमीन घेताना दहा-पंधरा सालांचं सरासरी पीक डोळ्यांपुढे आणतो. आणि त्याच घरातला पोरगा मोबाईलवर कंपनी घेताना एकाच सालाचा नफा धरतो, कारण तक्त्यात तेवढाच दिसतो.

आता भाच्याच्या यादीतली पहिलीच कंपनी घेऊ. नाव सांगत नाही, कारण तिचा काही दोष नाही आणि नाव कळलं की अर्धी मंडळी ती विकत घ्यायला धावतील :) आकडेही सोयीसाठी गोल केलेत. रसायनं बनवणारी कंपनी. बाजारातली किंमत १,४०० कोटी, वर्षाचा नफा २०० कोटी, म्हणजे पी/ई ७. कर्ज नावाला. पाच वर्षांची नफावाढ दरसाल ४२ टक्के. पिवळ्या रंगात पहिला नंबर!

गंमत म्हणजे काकांनी त्याच कंपनीचा दुसऱ्या ॲपमधला स्क्रीनशॉट टाकला, त्यात पी/ई ११ होता. ग्रुपवर थोडा वेळ चर्चा झाली की कोणतं ॲप खोटं बोलतंय. कोणतंच नाही! त्या ॲपने नवा वार्षिक निकाल अजून धरलेला नव्हता. त्याआधीच्या वर्षीचा नफा १२७ कोटी होता, तो धरला की ११ येतात. कोणत्या वर्षाचा नफा, एकट्या कंपनीचा की उपकंपन्यांसकट, हे स्क्रीनशॉटमध्ये कापलं जातं. उरतो नुसता भागाकाराचा उत्तराचा आकडा. आणि एका वर्षाच्या फरकाने ११ चे ७ होत असतील, तर "वा, आणखी स्वस्त झाली" म्हणण्याआधी "नफ्याला एवढं झालं तरी काय" असं विचारायला नको का?

तेच विचारलं. कंपनीच्या पानावर खाली दहा वर्षांचा तक्ता असतो, स्क्रीनशॉटमध्ये तो कधीच येत नाही. तिथे मी तीन ओळी वाचल्या. पहिली विक्रीची. पाच वर्षांपूर्वी साधारण ५१० कोटी, आता ९०० कोटी. म्हणजे विक्रीची वाढ दरसाल १२ टक्के. दुसरी `Net Profit` ची. पाच वर्षांपूर्वी ३५ कोटी, आता २००. इथेच कान टवकारायला हवेत. विक्री १२ टक्क्यांनी वाढते आणि नफा ४२ टक्क्यांनी, तर मधली तफावत कुठून आली? तिसरी ओळ उत्तर देते, `OPM %`. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीतून कामाचा खर्च वजा जाता उरतात ते रुपये. मागची सात-आठ वर्षं हा आकडा ११ ते १३ च्या मधे. गेल्या दोन वर्षांत एकदम चढून ३१.

कंपनीने तिप्पट माल विकलेला नाही. त्याच मालाला यंदा जास्त भाव मिळालाय. हे ऑगस्ट २०२१ चं सोयाबीन आहे.

आता भावजींच्या पद्धतीने किंमत लावू. नेहमीच्या वर्षी ही कंपनी शंभर रुपयांच्या विक्रीवर सात रुपये निव्वळ नफा कमावते. आजच्या ९०० कोटींच्या विक्रीवर तो होतो ६३ कोटी. १,४०० भागिले ६३, म्हणजे पी/ई २२. सात नव्हे, बावीस.

आणि भाच्याच्याच मूळ यादीत तळाशी एक कंपनी होती, पी/ई २४ म्हणून त्याने लाल रेघ मारून काढून टाकलेली. तिची विक्री दरसाल १२ टक्क्यांनी वाढलेली आणि नफा १३ टक्क्यांनी. `OPM %` दहा वर्षं जवळपास तोच. तिचा नेहमीच्या वर्षाचा पी/ई काढला तरी चोवीसच राहतो. म्हणजे तक्त्यात ७ विरुद्ध २४ अशी जी दरी दिसत होती, ती प्रत्यक्षात २२ विरुद्ध २४ आहे. मग यातली कोणती घ्यावी हा खरा विचार सुरू होतो. तक्ता मात्र विचार संपवून मोकळा झाला होता.

"मामा, एखादं उदाहरण शोधून काढायचं आणि पद्धत वाईट म्हणायचं, हे बरोबर नाही," असं भाच्याचं उत्तर आलं. ठीक आहे. मग सगळ्यांना तपासता येईल असं जुनं उदाहरण घेऊ.

भोपाळजवळच्या मंडीदीपला एचईजी ही कंपनी ग्राफाइटचे इलेक्ट्रोड बनवते. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून पोलाद करताना हे इलेक्ट्रोड लागतात. २०१६-१७ मध्ये कंपनी तोट्यात होती. मग चीनने प्रदूषण करणारे कारखाने बंद करायला सुरुवात केली, विजेच्या भट्ट्यांची मागणी वाढली, इलेक्ट्रोडसाठी लागणारा नीडल कोक बॅटरीवाल्यांनाही हवा होता, आणि भाव कित्येक पटींनी चढले. २०१७-१८ चा नफा हजार कोटींच्या पुढे. २०१८-१९ चा तीन हजार कोटींच्या पुढे! मार्च २०१९ च्या शेवटी शेअर होता दोन हजारांच्या थोडा वर, म्हणजे पूर्ण कंपनी साधारण आठ हजार कोटींना. पी/ई तीनच्याही खाली. नफ्याच्या मानाने कर्ज किरकोळ. वाढ तर विचारूच नका. भाच्याची चाळणी त्या दिवशी चालवली असती तर ही कंपनी वरच्या नंबरांत आली असती.

पुढच्या वर्षी, २०१९-२० मध्ये, नफा उरला पन्नास कोटींच्या आसपास. भाव कोविडच्या आधीच जवळपास निम्म्यावर आला होता, मार्च २०२० मध्ये पाचशेच्या आसपास गेला. आता गंमत बघा. या पाचशेच्या भावाला आणि पन्नास कोटींच्या नफ्याला पी/ई येतो पस्तीसच्या वर. म्हणजे दोन हजारांना शेअर "स्वस्त" होता आणि पाचशेला "महाग"! तक्ता दोन्ही वेळा बेरीज-भागाकार अचूक करत होता आणि दोन्ही वेळा उलटं सांगत होता. (आज कोणी आलेख उघडून बघेल तर हे भाव एक पंचमांश दिसतील, कारण २०२४ मध्ये शेअरचे पाच भाग केले गेले.)

आता मार्च २०१९ ला भावजींची पद्धत लावली असती तर? तेजीच्या आधीच्या वर्षांत या कंपनीचा नफा दोनशे कोटींच्या आतच असायचा. दोनशे धरले तरी ८,००० भागिले २००, म्हणजे ४०. तीन नव्हे, चाळीस. त्या दोन वर्षांत साठलेली रोकड खरी होती, तिची किंमत धरायला हवी, हे मान्य. पण चाळीस आणि तीन यांतला फरक तिने भरून निघत नाही. कंपनीने काही लपवलं नव्हतं, दहा वर्षांचे आकडे उघडे होते. स्क्रीनशॉटमध्ये मावत नव्हते, एवढंच.

मी स्वतः त्याच सुमाराला अशाच एका दुसऱ्या कंपनीत घुसलो होतो, तीन रकाने बघूनच. पन्नास हजारांचे अठरा झाले. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, आता ती हे वाचेलच. असो.

"पण नवशिक्याला कुठून तरी सुरुवात करायला सोपं काही तरी हवं ना?" हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि मला तो सगळ्यात जास्त खटकतो. सोपं आणि अपुरं यांत फरक आहे. ज्याला दहा वर्षांच्या मुरलेल्या अनुभवाने "हा नफा टिकणारा नाही" असा वास येतो, त्याला हा तक्ता चालेल. ज्याला तो वास येत नाही, त्याच्याच हातात आपण तो सोपा म्हणून देतो.

कर्जाच्या रकान्याचं आणखी एक सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात हे कोणालाही पटेल. गावोगाव पतसंस्था आहेत आपल्याकडे. ठेव म्हणजे पतसंस्थेने लोकांना देणं असलेले पैसे, म्हणजे हिशेबाने कर्जच. जास्त ठेवी आहेत म्हणून कोणी पतसंस्थेला कर्जबाजारी म्हणतं का? पण `Debt to equity < 0.3` ही अट बँका आणि फायनान्स कंपन्या जवळपास सगळ्या बाहेर फेकते. भाच्याला वाटलं त्या वाईट म्हणून गळाल्या. त्या वाईट-चांगल्या ठरल्याच नाहीत, त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नव्हतं. त्यांचं बुडीत कर्ज किती, हे वेगळंच बघावं लागतं.

मग हा तक्ता फेकूनच द्यायचा का? नाही. त्याचा एक चांगला उपयोग आहे, तो म्हणजे नकार देण्यासाठी. कर्ज भांडवलाच्या तिप्पट आहे, वर्षानुवर्षं तोटा आहे, अशी कंपनी (बँक-फायनान्स सोडून) नवशिक्याने बाजूला ठेवावी, त्यासाठी तक्ता पुरतो. "नको" म्हणायला तक्ता चालेल, "घे" म्हणायला चालणार नाही. आणि तक्ता करायचाच असेल तर नफावाढीच्या शेजारी `Sales growth 5Years` हा रकाना लावा. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर पुढे वाचा. नफा विक्रीच्या तिप्पट-चौपट वेगाने पळत असेल तर आधी कारण शोधा.

उरलेल्या प्रत्येक नावाला कागदाचं एक पान द्या. दहा वर्षांची विक्री, दहा वर्षांचा निव्वळ नफा, दहा वर्षांचा `OPM %` हाताने उतरवा. हाताने अशासाठी, की एक वर्ष वेगळं असेल तर पेन तिथे आपोआप थांबतं. `Other Income` ची ओळ बघा. जमीन विकून आलेला पैसा तिथे सापडतो, आणि जमीन दरवर्षी विकता येत नाही. मग नेहमीच्या वर्षाचा नफा ठरवून स्वतः भागाकार करा. शेवटी, दहातलं सर्वात वाईट वर्ष शोधा आणि त्या वर्षी कामातून झालेल्या नफ्यातून व्याज भागलं होतं का ते बघा. कर्ज झेपतं की नाही हे वाईट वर्षच सांगतं, चांगलं वर्ष नाही. एका कंपनीला अर्धा तास लागतो.

यानेही सगळं कळत नाही. सत्यमच्या वहीत कर्ज नगण्य होतं आणि वाढ वर्षानुवर्षं होती. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. मूळ आकडेच खोटे असतील तर मामाचं पानही खोटंच उतरणार. म्हणून तर दोन लाख सात कंपन्यांत एका दिवसात घालायचे नसतात.

काल रात्री भाच्याने पुन्हा फोटो टाकला. या वेळी स्क्रीनशॉट नव्हता. वहीच्या रेघांच्या पानावर दहा वर्षांचे आकडे, निळ्या पेनने. एका वर्षाभोवती गोल आणि शेजारी लिहिलेलं, "सोयाबीन?" सातांपैकी चार नावांना असा गोल लागला म्हणे. उरलेल्या तीन त्याला अजून वाचायच्या आहेत. ताईचे दोन लाख सध्या बँकेतच आहेत.

ग्रुपवर मात्र काका विचारताहेत, "ती सात नावांची यादी परत पाठव रे, माझ्याकडून डिलीट झाली." काका, हा लेख तुमच्यासाठीच आहे.